लिलावात गेलेला गाळा कसा सोडवला

वडिलांचा गाळा कोर्टाच्या लिलावात 9 लाखांना गेला. बाजारभाव त्याहून बराच जास्त, त्यामुळे घरात सगळ्यांचं एकच पालुपद: लिलावच खोटा आहे, रद्द करून घ्या. वकिलांनी मात्र आधी विचारलं, "पैसे उभे राहतील का?"

तेव्हा हा प्रश्न मला खटकला होता. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर 21 मधल्या नियम 90 खाली लिलावातली गंभीर अनियमितता किंवा फसवणूक दाखवून विक्री रद्द करता येते. काकांच्या आग्रहाने तो अर्ज आम्ही दिलाही होता. गाळ्यावर जाहीरनामा डकवलाच नव्हता, असं शेजारचे दुकानदार सांगत होते. पण बेलिफाच्या अहवालावर पंचांच्या सह्या होत्या. शिवाय नुसती चूक दाखवून भागत नाही, तिच्यामुळेच आपलं मोठं नुकसान झालं हेही सिद्ध करावं लागतं. किंमत कमी धरली हा मुद्दा तर गेलेलाच होता, कारण जाहीरनामा ठरवण्याआधीची नोटीस वडिलांनी घेतली होती. तेव्हा घेता आली असती ती हरकत नियम 90 खाली नंतर चालत नाही.

वकिलांच्या डोक्यात नियम 89 होता. त्यात कुणाची चूक दाखवावी लागत नाही, फक्त पैसे भरायचे. जाहीरनाम्यात वसुलीची रक्कम 4,80,000 होती, ती दरखास्तदारासाठी, म्हणजे ज्याने वसुलीसाठी कोर्टात दरखास्त लावली होती त्याच्यासाठी. आणि 9 लाखांच्या 5 टक्के, म्हणजे 45,000, लिलाव घेणाऱ्यासाठी. एकूण 5,25,000. विक्रीच्या तारखेपासून 60 दिवसांत अर्जही द्यायचा आणि ही सगळी रक्कमही भरायची. हप्ते नाहीत, आणि मुदत टळली तर उशीर माफ करून मिळत नाही. आजारपणाचे कागद इथे कामाचे नाहीत.

एक मेख मात्र होती. नियम 90 चा अर्ज मागे घेतल्याशिवाय 89 चा अर्ज करता येत नाही. काका चिडले, "म्हणजे लिलाव बरोबर होता असं आपणच म्हणायचं?" तसं काही म्हणावं लागत नाही. वकिलांनी पुरसिस, म्हणजे कोर्टाला तसं लेखी निवेदन, देऊन पहिला अर्ज काढून घेतला आणि मग दुसरा दिला. बहिणीचं सोनं गहाण ठेवून, थोडे उसने घेऊन आम्ही पैसे भरले आणि चलनाची प्रत अर्जाला जोडली.

लिलाव घेणाऱ्याने 25 टक्के बोलीच्या दिवशीच भरले होते, उरलेले 15 दिवसांत. त्याने फारशी खळखळ केली नाही. त्याचे पैसे परत मिळणार होते, वर 45,000. उलट गाळ्यात वडिलांचा विकण्याजोगा हक्कच नसता, तर त्यालाच नियम 91 खाली विक्री रद्द करून मागता आली असती.

विक्री कायम होण्याआधीच रद्द झाली. जाहीरनाम्यात न धरलेलं व्याज आणि खर्च मात्र माफ होत नाहीत. त्या बाकीसाठी दरखास्त अजून चालू आहे.