आवळ्याच्या अर्काची कृती अर्ध्यावर आणताना

वाळवलेल्या आवळ्यातील एकूण फिनॉल मोजण्याच्या आमच्या शोधनिबंधातील ‘साहित्य व पद्धती’ हा भाग निम्म्याने कमी करावा, असे नियतकालिकाने कळवले. प्रयोग साधाच होता: आवळ्याची पूड, 70 टक्के मिथेनॉलमधील अर्क, फॉलिन-सियोकाल्टू अभिकर्मक आणि 765 नॅनोमीटरवर निळ्या रंगाचे मापन. मजकूर मात्र प्रयोगवहीतून जवळजवळ जसाच्या तसा उतरला होता. कात्री चालवताना मी प्रत्येक तपशिलाला एकच प्रश्न विचारत गेले: हा बदलला तर शेवटचा आकडा बदलेल का?

पहिल्या फेरीत बरेच काही सहज गळाले. काचेची भांडी ऊर्ध्वपातित पाण्याने विसळली, नळ्यांवर क्रमांक टाकले, नोंदी तक्त्यात भरल्या, ही वाक्ये कोणत्याही प्रयोगशाळेत गृहीतच धरलेली असतात. अभिकर्मक कसा काम करतो, हे सांगणारा परिच्छेदही काढला, कारण तो पद्धतीचा भाग नसून पाठ्यपुस्तकाचा आहे.

खरी अडचण लहान शब्दांची होती. ‘20 टक्के सोडियम कार्बोनेट’ यामागचा ‘निर्जल’ हा शब्द प्रथमदर्शनी बिनकामाचा वाटतो. पण दहा रेणू पाणी असलेल्या स्फटिकांत प्रत्यक्ष कार्बोनेट वजनाच्या सुमारे 37 टक्केच असते, त्यामुळे तेच वजन घेणाऱ्याचे द्रावण बरेच फिके होईल. तो शब्द ठेवला. याउलट सेंट्रिफ्यूजच्या वाक्यात यंत्राचे नाव, प्रतिरूप आणि मिनिटाला 5000 फेरे असे सगळे होते, आणि तरीही ते अपुरे होते. फेऱ्यांवरून बळ ठरत नाही, त्यासाठी रोटरची त्रिज्या लागते:

```
RCF = 1.118 × 10⁻⁵ × r × N²
```

येथे r सेंटिमीटरमध्ये आणि N मिनिटाला फेरे. आमच्या 10 सेंटिमीटरच्या रोटरवर हे गुरुत्वाच्या सुमारे 2800 पट भरते, तर 16 सेंटिमीटरच्या रोटरवर त्याच फेऱ्यांना सुमारे 4470 पट. म्हणून यंत्राचे नाव काढून टाकले आणि ‘2800 × g, 10 मिनिटे’ एवढेच लिहिले. वाक्य आखूड झाले आणि उपयोगीही.

मुख्य कृतीचे मूळ पाच वाक्यांचे वर्णन मी एका वाक्यात आणले. त्याचा मराठी आशय असा: ‘20 पट विरल केलेल्या 20 मायक्रोलिटर अर्कात 1.58 मिलिलिटर पाणी व 100 मायक्रोलिटर अभिकर्मक मिसळून, 30 सेकंद ते 8 मिनिटांच्या आत 300 मायक्रोलिटर सोडियम कार्बोनेट घालून ढवळले आणि 20 अंश सेल्सिअसला 2 तासांनी शोषणांक मोजला.’

हे वाक्य मी दुसऱ्या प्रयोगशाळेतील एका मैत्रिणीला दिले आणि ‘यावरून उद्या प्रयोग लावता येईल का?’ असे विचारले. ती म्हणाली, “लावता येईल, पण ते आठ मिनिटांचं कशाला ठेवलंयस? आम्ही तर कार्बोनेट सवडीने घालतो.” नेमकी हीच मुभा मला द्यायची नव्हती. अभिक्रिया अल्कधर्मी द्रावणातच होते आणि त्याच द्रावणात अभिकर्मक स्वतःही विघटित होतो. म्हणून तो कार्बोनेटच्या आधी घालून नीट मिसळलेला हवा, आणि त्यांच्यातील अंतरही ठरलेले हवे. अंतराची मर्यादा तशीच राहिली, कारण द्यायला मात्र जागा नव्हती.

‘20 पट विरल’ हा तपशील तर अनेक निबंधांत सापडतच नाही. आमची गॅलिक आम्लाची प्रमाणरेषा लिटरला 50 ते 500 मिलिग्रॅम एवढीच होती. एक ग्रॅम पूड 20 मिलिलिटर द्रावकात घेतली आणि तिच्यात 100 मिलिग्रॅम फिनॉल आहे असे धरले, तर अर्कात लिटरला 5000 मिलिग्रॅम होतात, म्हणजे रेषेच्या कितीतरी बाहेर. 20 पट विरल केल्यावर ते 250 वर येतात. विरलनाचा आकडा गाळला तर दुसऱ्याचे वाचन रेषेबाहेर जाते आणि गणितही जुळत नाही.

‘पूर्वी वर्णन केलेल्या पद्धतीनुसार’ ही पळवाट मी अर्धीच वापरली. मूळ पद्धतीचा संदर्भ दिला, पण त्याच्यापुढे आमचे बदल लिहिले. एरवी वाचक एका निबंधातून दुसऱ्यात फिरत राहतो आणि शेवटी आकारमाने कुठेच मिळत नाहीत. द्रावणे बनवण्याची सविस्तर कृती आणि विरलनाचा तक्ता पुरवणी फाइलमध्ये गेले.

सहलेखकाला एक वाक्य काढायचे होते: ‘अ‍ॅस्कॉर्बिक आम्लासाठी दुरुस्ती केलेली नाही.’ त्याच्या मते ती चर्चेच्या भागातली बाब होती. पण हा अभिकर्मक केवळ फिनॉलशीच नव्हे, तर इतर क्षपणकारकांशीही रंग देतो, आणि आवळ्यात अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल भरपूर असते; शिवाय वाळवण्याच्या तापमानानुसार ते कमी-जास्त उरते. त्यामुळे ‘40 अंशाला स्थिर वजन येईपर्यंत वाळवले’ आणि हे वाक्य, दोन्ही एकमेकांशेजारी पद्धतींच्या भागातच ठेवली, आणि तेवढे शब्द नमुने कुठून विकत आणले, या वर्णनातून कापले.