कुस्तीचं लाइव्ह आणि बँड ४०चा अपलोड

उचगावच्या बाजूला कुस्तीचं मैदान भरलं की पोरांना लाइव्ह पाहिजेच असतं. १०८०पी चित्राला साधारण ५ एमबीपीएस अपलोड सलग लागतो. सिम राउटरवर डाउनलोड झकास, पण निकाली कुस्ती लागली की चित्र थिजतं. ते का, याचा तपास ही या महिन्याची नोंद.

राउटरवर EARFCN ३९१५० च्या आसपास दिसत होता. ३८६५० ते ३९६४९ म्हणजे बँड ४०, २३०० मेगाहर्ट्झ, टीडीडी. इथं पाठवणं आणि घेणं एकाच चॅनेलवर, पाळीपाळीनं चालतं. पाळ्या कशा वाटल्यात ते टॉवर स्वतःच SIB1 मधून सांगतो. रूट केलेल्या फोनवर वाचलं:

```
subframeAssignment sa2
specialSubframePatterns ssp7
```

१० मिलिसेकंदांच्या फ्रेममध्ये एकेक मिलिसेकंदाच्या १० सबफ्रेम असतात. sa2 मध्ये त्यांतल्या ६ डाउनलिंकच्या, २ अपलिंकच्या आणि २ खास, म्हणजे उलटण्याच्या. ssp7 असेल तर खास सबफ्रेमच्या १४ सिम्बॉलांपैकी १० डाउनलिंकला जातात, २ मोकळे राहतात आणि २ अपलिंकच्या बाजूला, तेही डेटासाठी नव्हेत.

आता हिशेब. २० मेगाहर्ट्झचा अपलिंक अखंड मिळाला तर १६-क्यूएएमवर साधारण ५० एमबीपीएस. इथं वेळ पाचवा हिस्साच, म्हणून १०. डाउनलिंकला जवळपास तीन चतुर्थांश वेळ, म्हणून १५० पैकी ११० च्या आसपास. हे १० एकट्या माझ्या राउटरचे नव्हेत, टॉवरच्या त्या सेक्टरवरच्या सगळ्यांचे मिळून. मैदानात प्रत्येकजण मोबाइल वर धरून स्टेटस टाकत असतो. डाउनलोड करणारं तिथं कोण आहे?

तेवढंच स्पेक्ट्रम एफडीडीला दिलं, म्हणजे १० वर जाण्यासाठी आणि १० खाली येण्यासाठी, तर डाउनलोड ७५ वर येतो, पण अपलोड २५ होतो. गावात बँड ३ चा सिग्नल आहे (EARFCN १२०० ते १९४९). अपलिंक १७१० पासून, डाउनलिंक १८०५ पासून, मध्ये ९५ मेगाहर्ट्झचं अंतर, त्यामुळं दोन्ही एकाच वेळी चालू. राउटर बँड ३ वर लॉक केला तेव्हा लाइव्ह तग धरून राहिलं. उलट घरी संध्याकाळी सगळे व्हिडिओ बघतात, तेव्हा त्याच बँड ३ चा वर जाणारा अर्धा भाग बहुतेक रिकामा पडून असतो. घरासाठी मी बँड ४० च ठेवणार.

अपलोड कमी दिसला की सगळे आधी अँटेना उंच करायला धावतात. त्याआधी राउटरची किंवा फोनची PUSCH ट्रान्समिट पॉवर बघा. ती २३ डीबीएमला टेकली असेल तर तुमचा आवाज टॉवरपर्यंत पुरत नाही, तिथं अँटेनाचा उपयोग होतो. ती ५-१० वर आरामात असेल आणि तरी अपलोड रखडत असेल, तर अडचण पाळ्यांची किंवा गर्दीची. पहाटे तपासा: तेव्हा अपलोड ८-९ पर्यंत चढला तर गर्दी, आणि त्या आकड्यापुढं कधीच गेला नाही तर गुणोत्तराचं छत.

मग मैदानाच्या दिवसापुरतं sa1 का लावत नाहीत? त्यात ४ अपलिंक सबफ्रेम मिळतात, अपलोड २० च्या घरात जातो, डाउनलोड ८० वर येतो. प्रश्न शेजाऱ्याचा आहे. एकाच चॅनेलवर एक टॉवर ऐकत असताना दुसरा बोलत असेल तर ऐकणारा बहिरा होतो. टॉवर साधारण २० वॅट फेकतो, फोन फार तर ०.२, आणि टॉवर एकमेकांना उंचावरून थेट दिसतात. म्हणून शेजारच्या टॉवरांची फ्रेम जीपीएसच्या घड्याळावर एकाच क्षणी सुरू करतात आणि वाटणीही सारखी ठेवतात. आमच्याकडं तर शिनोळीला पोचलं की महाराष्ट्र सर्कल लागतं. दोन सर्कलच्या टॉवरांना सीमा दिसत नाही, त्यांची पाळी जुळलीच पाहिजे. एका गावाच्या कुस्तीसाठी एवढं कोणी हलवणार नाही, आणि ते बरोबरच आहे. एफडीडीला ही कटकट नाही.

सध्या प्रयोग चालू आहे तो दोन्ही बँड जोडायचा. कॅरियर अ‍ॅग्रिगेशनमध्ये बँड ३ प्रायमरी आणि बँड ४० सेकंडरी लागलं, तर डाउनलोड दोन्हीकडून येतो आणि अपलोड बहुधा प्रायमरीवरूनच जातो, म्हणजे आपल्याला हवा तसा. पण प्रायमरी कोण हे टॉवर ठरवतो. माझा राउटर आधी बँड ३ वर लॉक करून जोडला आणि मग ४० मोकळा केला तर कधी तसाच टिकतो, कधी रीकनेक्ट होताना परत ४० धरतो. कोणाच्या राउटरमध्ये प्रायमरी बँड वेगळा निवडता येत असेल तर मॉडेल आणि फर्मवेअर कळवा.