गड्ड्याआधी घरातले फोन मोकळे करणे: नोंद ३ (६४ जीबी, शिल्लक दीड)

यावेळचा फोन काकूंचा. अँड्रॉइड, ६४ जीबी, मेमरी कार्डाची सोय नाही. सेटिंग्जमधला स्टोरेजचा हिशेब असा होता: सिस्टिम १७ जीबी, ॲप्स १४, व्हॉट्सॲप १६, कॅमेरा १३, किरकोळ अडीच, मोकळी जागा दीड. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरात मावशी, आत्या, काका यांच्या फोनचं चित्र थोड्याफार फरकाने हेच असतं, म्हणून हा एकच फोन सविस्तर लिहितो.

आधी दीड जीबी म्हणजे किती ते बघू. साध्या १०८०पी व्हिडिओला मिनिटाला १३० एमबीच्या आसपास लागतात. म्हणजे अकरा-बारा मिनिटांत फोन गच्च. गड्डा म्हणजे सोलापूरची सिद्धेश्वर यात्रा, तिथला संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा किंवा होम मैदानावरची शोभेची दारू एवढ्यात संपत नाही. जागा संपली की रेकॉर्डिंग मध्येच बंद पडतं, आणि त्याच वेळी फोन अडकला तर आधी घेतलेलाही भाग उघडत नाही. एमपी४ फाइलची अनुक्रमणिका बहुतेक फोनमध्ये रेकॉर्डिंग थांबवताना लिहिली जाते. ती लिहिलीच गेली नाही तर प्लेअरला आतलं काही सापडत नाही. यात्रेच्या गर्दीत नेटवर्कही तुंबलेलं असतं, तिथे उभं राहून क्लाउडवर फोटो चढवू म्हणाल तर जमणार नाही. काम संक्रांतीच्या आठवडाभर आधी घरीच उरकायला हवं.

गुगल खात्यात फुकटचे १५ जीबी मिळतात, पण ते जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो यांच्यात मिळून असतात. अमर्याद फुकट फोटोंची सोय १ जून २०२१ पासून बंद झाली. अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअपही २०२४ पासून याच १५ मध्ये मोजला जातो, आणि घरच्यांना नेमकं हेच माहीत नसतं. काकूंच्या खात्यात मेल १.२ आणि व्हॉट्सॲप बॅकअप ३.८, म्हणजे पाच जीबी आधीच गेलेले. उरलेल्या दहात कॅमेऱ्याचे १३ मावणार नाहीत. तसंच बटण चालू केलं असतं तर अर्ध्यावर बॅकअप थांबला असता, आणि काकूंना वाटलं असतं की सगळं चढलं.

म्हणून क्रम उलटा ठेवला: आधी लॅपटॉप, मग पेनड्राइव्ह, मग क्लाउड.

केबल लावून एक्सप्लोररमधून फोल्डर ओढला तर काही फोनवर फाइलची तारीख आजची होते. कॅमेऱ्याच्या फोटोत तारीख आतही असते, पण व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोतून ती काढून टाकलेली असते आणि मग क्रम विस्कटतो. `adb` वापरणाऱ्यांसाठी एक ओळ पुरते, त्यातला `-a` तारखा जपतो:

```
adb pull -a /sdcard/DCIM/Camera D:\Foto
```

काम झाल्यावर यूएसबी डीबगिंग आठवणीने बंद करा. ते चालू असलं की बँकांची काही ॲप्स उघडायला नकार देतात, आणि मग रात्री फोन आपल्यालाच येतो.

मोजणीत एक गोम निघाली. फोनवर २,६४० फोटो आणि ९४ व्हिडिओ, एकूण २,७३४. लॅपटॉपवर मात्र २,७४५ फाइली. जादाच्या ११ फाइलींची नावं `.trashed-` ने सुरू होत होती. अँड्रॉइड ११ पासून गॅलरीत डिलीट केलेली फाइल काही दिवस त्याच फोल्डरात नाव बदलून लपून राहते, त्यामुळे आकडा जास्त आला तर आधी हे तपासा. आकडा कमी आला तर पुढे जायचंच नाही. नंतर फाइली आकारानुसार लावून सर्वांत लहान फाइली वर आणा. ० केबीची एकही दिसली तर ती कॉपी फसलेली आहे. सर्वांत मोठे तीन व्हिडिओ उघडून थेट शेवटच्या मिनिटावर जा, कारण अपुरी कॉपी कधीकधी सुरुवातीला नीट चालते.

दुसरी प्रत पेनड्राइव्हवर घेतली. दोन्हीकडे आकडा जुळल्यावरच फोनमधले ९४ व्हिडिओ, म्हणजे पाच जीबी, काढले. तेव्हा गुगल फोटोजमधला बॅकअप बंद आहे याची आधी खात्री करून घेतली होती.

उरले आठ जीबी फोटो, ते दहा जीबीत बसतात. व्हॉट्सॲपच्या Chat backup मधलं Include videos बंद केलं, म्हणजे पुढचा बॅकअपही लहान होईल. मग गुगल फोटोजमध्ये Backup चालू. वायफायचा अपलोड ५ एमबीपीएस धरला तर आठ जीबीला साडेतीन तास जातात. म्हणून रात्री, चार्जरवर, कव्हर काढून आणि बॅटरी सेव्हर बंद ठेवून. सेव्हर चालू राहिला तर बॅकअप पुढे सरकत नाही आणि सकाळी तोच आकडा दिसतो. पूर्ण झाल्याचा संदेश दिसल्यावर Free up space. फोन आता साडेचौदा जीबी मोकळा आहे.

व्हॉट्सॲपच्या १६ जीबीला अजून हात लावलेला नाही. `WhatsApp Images` मधलं `Sent` फोल्डर म्हणजे नुसत्या दुबार प्रती, असं समजून ते उडवू नका. व्हॉट्सॲप उघडून त्याच्याच कॅमेऱ्याने काढलेला फोटो `DCIM` मध्ये नसतो, तो तिथेच सापडतो. हे काम पुढच्या नोंदीत.

घरच्या ग्रुपवर टाकण्यासाठी हा मजकूर तयार केला आहे. लॅपटॉप नसलेल्यांना डोळ्यांपुढे ठेवून लिहिला आहे, हवा तसा बदलून घ्या:

«सगळ्यांना विनंती. गड्ड्याआधी फोनमधले फोटो दुसरीकडे ठेवून घ्या. सेटिंग्जमध्ये स्टोरेज उघडा. मोकळी जागा पाच जीबीपेक्षा कमी असेल तर याच आठवड्यात करा. फोनला लागणारा ओटीजी पेनड्राइव्ह आणा, ६४ जीबीचा पुरेल. तो लावून Files ॲप उघडा, DCIM मधलं Camera फोल्डर दाबून धरा आणि Copy to निवडा. Move to निवडू नका, मध्येच पेनड्राइव्ह हलला तर फोटो अर्धे इकडे अर्धे तिकडे होतात. कॉपी संपेपर्यंत फोन टेबलावरच राहू द्या. मग पेनड्राइव्हमधला सर्वांत जुना आणि सर्वांत नवा फोटो उघडून बघा. फोनमधून काहीही काढू नका, आधी मला दाखवा. आणि गुगल फोटोजमध्ये जागा करायला कचऱ्याचा डबा दाबू नका, त्याने फोटो फोनमधून जातो तसा क्लाउडवरूनही जातो. चुकून दाबलं गेलं तर लगेच कळवा. बॅकअप झालेला फोटो तिथल्या Bin मध्ये ६० दिवस असतो, परत आणता येतो. बॅकअप न झालेला जेमतेम ३० दिवस.»

शेवटून चौथं वाक्य तेवढं कापू नका. गेल्या दोन फोनमध्ये विचारणा झाली ती याच गोष्टीवरून: Free up space आणि डबा यांत फरक काय. पहिल्याने फक्त फोनमधली प्रत जाते, दुसऱ्याने दोन्ही.