तुम्ही विचारलंत म्हणून: एक चाक कमी

«दर महिन्याला खेळण्यांचा खोका येत होता, लेक खूश होती, मग मध्येच बंद का केलंत? आणि नुसतं परत तर द्यायचं होतं, त्यात एवढा मनस्ताप कसला?»

लेक खूश होती ती खोका उघडायच्या दिवशी, आणि तुम्ही नेमक्या त्याच दिवशी तिला पाहिलंत. उरलेले दिवस मी पाहत होते. पहिल्या संध्याकाळी सगळं जमिनीवर पसरायचं, दुसऱ्या दिवशी एकदा करून दाखवायचं, आणि मग महिनाभर तो पसारा मी उचलायचा, कारण खेळणी भाड्याची होती, मुदत संपली की परत द्यायची होती आणि एकही तुकडा हरवून चालणार नव्हता.

खेळण्याचा कंटाळा येणं वेगळं आणि खेळणं मुलाला लहान पडणं वेगळं. मी यात सहा महिने गल्लत करत राहिले. आता मला फरक कळतो, म्हणून सांगते. कंटाळा आलेलं खेळणं तीन आठवडे कपाटात ठेवा आणि परत काढा, मूल त्यावर नव्यानं तुटून पडतं, काहीतरी वेगळं करून बघतं. लहान पडलेलं खेळणं परत काढलंत तर मूल ते झटकन पुरं करतं, तुमच्याकडे बघतं आणि उठून जातं. आमच्याकडे चोवीस तुकड्यांचं कोडं होतं. पहिल्या महिन्यात तिला त्याला अर्धा तास लागायचा आणि मध्ये दोनदा रडू यायचं. मुदत वाढवून घेतली, तर पुढच्या महिन्यात ती चित्राची बाजू खाली करून, नुसत्या आकारावरून ते लावायला लागली. त्यानंतर ते तुकडे बाहुल्यांच्या ताटल्या झाले. मी स्वतःची समजूत घातली की बघा, खेळतेय की! खेळत होतीच ती, पण ताटल्या तर बाटल्यांच्या झाकणांच्याही होतात. त्यासाठी महिन्याचं भाडं भरायची गरज नव्हती.

हे दिसत असूनही मी थांबले नाही, हे कबूल करते. आमचा वयोगट तीन ते पाचचा होता आणि ती पावणेपाच वर्षांची झाली होती. खोका बंद केला तर आपण तिच्या वाढीतलं काहीतरी काढून घेतोय असं वाटायचं. 2018 साली अमेरिकेतल्या टोलिडो विद्यापीठातल्या संशोधकांनी छत्तीस लहान मुलांना एकदा चार खेळण्यांबरोबर आणि एकदा सोळा खेळण्यांबरोबर खेळू दिलं होतं. चार खेळणी असताना मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ रमली आणि जास्त तऱ्हांनी खेळली. हे मी तेव्हाच वाचलं होतं, नवऱ्यालाही वाचून दाखवलं होतं. तरी पुढच्या महिन्याची यादी उघडली की मी चार खेळणी निवडायच्या जागी सहा निवडायचे. ती मुलं दीड ते अडीच वर्षांची होती, आपली मोठी आहे, असं म्हणून मी ते बाजूला सारलं. या म्हणण्यात तथ्य असेलही, पण मी ते तथ्य म्हणून वापरलं नाही, सबब म्हणून वापरलं.

मग आलं बंद करणं. ज्यांचे खोके चालू आहेत त्यांनी हे नीट ऐका. ‘पॉज’ म्हणजे बंद नव्हे. मी पॉज केलं आणि निर्धास्त झाले. महिना संपला तसं ते आपोआप पुन्हा सुरू झालं, पैसेही कापले गेले आणि खोका दारात. नुसतं अ‍ॅप काढून टाकल्यानंही काही होत नाही, कारण कार्डावरची परवानगी तशीच राहते. बंद करायचं तर ‘कॅन्सल’च करावं लागतं, तेही पैसे कापायच्या तारखेआधी. ती तारीख खोका निघायच्या कितीतरी दिवस आधीची असते. आमचा खोका दहाला यायचा आणि पैसे आदल्या महिन्याच्या पंचवीसला कापले जायचे. मी एक तारखेला रद्द करायला गेले, म्हणजे पुढच्या खोक्याचे पैसे आधीच गेलेले होते. रद्द झाल्याचा मेल आला की तो जपून ठेवा. माझ्याकडे तो होता म्हणून निदान त्यापुढचं थांबलं.

आता मनस्तापाचं.

शेवटच्या खोक्यात दातेरी चाकांचा संच होता. एक लाकडी पाट, त्यावर बारा खुंट्या, खुंट्यांवर बसवायची बारा रंगीत चाकं आणि एक हँडल. हँडल फिरवलं की एका चाकानं दुसरं, दुसऱ्यानं तिसरं, असं सगळं फिरायला लागायचं. खरं सांगायचं तर त्या खोक्यातलं हे एकच खेळणं तिला अजून लहान पडलं नव्हतं. त्यामुळे बंद करायचा निर्णय बरोबर होता का, या प्रश्नाला मी आजही ठाम हो म्हणू शकत नाही.

कुरिअरवाला सकाळी अकराला येणार होता. आदल्या रात्री मी खोक्यातल्या वस्तूंच्या यादीची चिठ्ठी हातात घेऊन मोजायला बसले. पाट एक, हँडल एक, चाकं अकरा. पुन्हा मोजली, तरी अकराच. एक लहान लाल चाक नव्हतं. एक तुकडा हरवला तरी पूर्ण संचाची किंमत अनामतीतून कापतात, हे नियमात लिहिलेलं मला पाठ होतं. लेक झोपायच्या तयारीत होती. मी तिला बोलावलं आणि विचारलं, “लाल चाक कुठंय?”

ती म्हणाली, “नाहीये.”

“नाहीये म्हणजे? तूच खेळत होतीस ना?”

“पण नाहीच आहे ते.”

मला ते उत्तर उद्धटपणाचं वाटलं. मी आवाज चढवला. चाक सापडल्याशिवाय झोपायचं नाही, असं सांगितलं. पावणेपाच वर्षांची पोर सोफ्याखाली पोटावर सरपटत होती, मोबाइलचा टॉर्च हातात, आणि हुंदके देत होती. मी वर उभी राहून “भिंतीपाशी बघ, अजून आत बघ” म्हणत होते. नवरा म्हणाला, “जाऊ दे गं, भरू पैसे.” मी त्याच्यावरही ओरडले. पैशांचा प्रश्न नाही, जबाबदारीचा आहे, असं काहीतरी बोलले. तेव्हा मला ते मनापासून खरं वाटत होतं.

साडेदहाला ती सोफ्याला टेकून तशीच झोपली. मी खोका भरला. दुसऱ्या दिवशी तो गेला आणि चार दिवसांनी अपेक्षेप्रमाणे कपातीचा मेल आला. मी पैसे सोडून दिले होते. पण त्याच आठवड्यात आईला पाठवलेले जुने फोटो चाळताना खोका आला त्या दिवशीचा एक फोटो दिसला. लेक पाटासमोर बसली आहे, प्लास्टिकची पिशवी नुकतीच फाडली आहे, चाकं खुंट्यांवर बसवून झाली आहेत. उजव्या कोपऱ्यातली एक खुंटी रिकामी आहे. मी फोटो मोठा करून बोटानं चाकं मोजली. अकरा. लाल चाक आमच्या घरी आलंच नव्हतं. ती खरं सांगत होती.

तो फोटो पाठवल्यावर अनामत पूर्ण परत मिळाली, हेही सांगायला हवं. पण त्यांच्या माणसानं फोनवर सहज म्हणून एक गोष्ट सांगितली. परत आलेले खोके आधी वजनावर तपासतात आणि वजनात फरक दिसला तरच उघडून मोजतात. म्हणजे आमच्याआधीच्या घरातून आलेला संच वजनात बसला असणार, कदाचित एखादी जास्तीची वस्तू खोक्यात राहिल्यामुळे. म्हणून सांगते, मोजायचं ते परत देताना नव्हे, खोका उघडताना. पिशवी फाडायच्या आधी एक फोटो, सगळं चिठ्ठीप्रमाणे मांडून दुसरा फोटो, आणि कमी असेल तर त्याच दिवशी कळवायचं. परत देताना बॅटऱ्या काढायच्या, लाकडी वस्तू ओल्या फडक्यानं पुसल्या असतील तर रात्रभर वाळू द्यायच्या, खोका बंद करतानाचा व्हिडिओ काढायचा. हे सगळं मी केलं होतं. फक्त पहिल्या दिवशी मोजलं नव्हतं.

मी तिची माफी मागितली. तिनं फोटो बघितला आणि म्हणाली, “मी सांगितलेलं.” बस, एवढंच. तिच्या लक्षात किती राहिलंय ते मला माहीत नाही. काही दिवसांनी मावशीकडे एक कोडं खेळून झाल्यावर ती न सांगता तुकडे मोजायला बसली. मावशीला कौतुक वाटलं. मला तिथं बसवेना.

तुमच्यातल्या काहींनी म्हटलं, “एवढ्याशा गोष्टीवरून चांगली सोय बंद केलीत.” मी त्यावरून बंद केलं नाही, रद्द आधीच केलं होतं. पण त्यानंतर पाच ते सातचा वयोगट पुन्हा सुरू करायचा विचार दोनदा आला आणि दोन्ही वेळा मी मागे फिरले, हेही खरं. मुलीला तो खोका नकोसा झाला होता की आपल्या घरातल्या वस्तू आपल्या नाहीत हे ओझं मला नकोसं झालं होतं, हे मला वेगळं करता येत नाही. कधी वाटतं, दुसऱ्याची वस्तू जपून वापरायची सवय तिला त्यातूनच लागली. कधी वाटतं, जपण्याच्या नादात ती मनासारखं खेळलीच नाही.

आणखी एक सांगायचं राहिलं. त्या रात्री सोफ्याखाली लाल चाक सापडलं नाही, पण भिंतीच्या कडेला एक हिरवा लाकडी मणी सापडला. आठ महिन्यांपूर्वी परत केलेल्या, दोरीत ओवायच्या मण्यांच्या संचातला. तो संच ‘पूर्ण मिळाला’ म्हणून त्यांनी स्वीकारला होता. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी धोक्याचे बारीक भाग ओळखायला जी चाचणीची नळी असते, तिचा व्यास 31.7 मिलिमीटर असतो. हा मणी त्यात सहज मावेल इतका लहान आहे, आणि आमच्याकडे वर्षाचा भाचा येऊन त्याच फरशीवर रांगत होता. पण त्याहून जास्त मला दुसरंच छळतं. आमच्यानंतर तो संच ज्या घरी गेला, तिथं परत देताना कुणीतरी मणी मोजले असतील. एक कमी भरला असेल.

मणी मी कुरिअरनं पाठवून दिला, संचाचं नाव आणि आमच्या खोक्याची तारीख लिहून. उत्तर आलं की तो संच आता वापरातून काढला आहे, मणी ठेवून घेतलात तरी चालेल. आठवड्यानं तो परत आला. सध्या माझ्या टेबलाच्या खणात आहे.