आमची वाटचाल : बॅटरी मेली, व्हिडिओ उघडेना, आणि आमचं दुकान

सांगलीत आमचं दुकान सुरू झालं ते लग्नाच्या व्हिडिओ कॅसेट सीडीवर उतरवून देण्यापासून. कॅसेटवाले संपले मग पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड, हार्डडिस्क असं करत करत डेटा रिकव्हरीकडं वळलो. 2019 च्या महापुरानंतर तर भिजलेले फोन आणि चिखलात गेलेल्या डिस्क एवढ्या आल्या की तेच मुख्य काम होऊन बसलं. पण आज लिहायचंय ते वेगळ्याच कामाबद्दल, कारण हल्ली यात्रा आणि लग्नसराईत सगळ्यात जास्त चौकशी त्याचीच असते. शूटिंग चालू असताना बॅटरी संपून फोन बंद पडला आणि नंतर तो व्हिडिओ उघडतच नाही.

आधी हे का होतं ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. फोन शूट करत असतो तेव्हा चित्र आणि आवाज फाइलमध्ये सलग ओतत जातो, त्या भागाला `mdat` म्हणतात. पण कुठली फ्रेम कुठं सुरू होते, किती वेळ दाखवायची, आवाजाचा कुठला तुकडा कुठं आहे, कोडेक म्हणजे चित्र-आवाज दाबून साठवायची पद्धत कुठली, ही सगळी नोंद `moov` नावाच्या भागात असते आणि बहुतेक फोन ती शेवटी लिहितात, तुम्ही स्टॉप दाबल्यावर. हळदीचं गोडाऊन पोत्यांनी भरलंय पण कुठलं पोतं कुणाचं ते लिहिलेली वहीच नाही, तशी गत. माल आहे, हिशोब नाही. म्हणून गॅलरी म्हणते फाइल खराब आहे, आणि माणूस वैतागून डिलीट करतो. तेवढं एक करू नका.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत तासगावकडचा एक पोरगा आला. गावच्या यात्रेतलं कुस्तीचं मैदान त्यानं शूट केलेलं, त्याच्या चुलत भावाची शेवटची कुस्ती, आणि मधेच फोन बंद. म्हणाला, "दादा, चार्जिंगला लावून बघितला तर व्हिडिओच नाय गॅलरीत, गेलाच की वो."

गेला नव्हता. अँड्रॉइड 11 पासून पुढं बऱ्याच फोनमध्ये कॅमेरा ॲपच्या अर्धवट फाइलला सिस्टीम पुढं टिंब लावून ठेवते, आणि टिंबानं सुरू होणारी फाइल लपलेली असते. डेव्हलपर ऑप्शनमधून यूएसबी डिबगिंग चालू करून, फोन कॉम्प्युटरला जोडून आम्ही `adb` नावाच्या टूलनं कॅमेऱ्याचं फोल्डर बघितलं.

```
adb shell ls -la /sdcard/DCIM/Camera/
```

त्यात ही होती : `.pending-1739707212-VID_20250209_173012.mp4`. तो मधला आकडा म्हणजे फाइलची मुदत आहे, 1970 पासून मोजलेल्या सेकंदांत, आणि शूटिंगपासून बरोब्बर 7 दिवसांनंतरची. मुदत संपली की फोन स्वतःच्या साफसफाईत ती फाइल उडवून टाकू शकतो, आणि फोनच्या आतल्या मेमरीतनं एकदा उडालेली फाइल परत आणणं जवळपास अशक्य, कारण आतलं सगळं एन्क्रिप्ट केलेलं असतं. (मेमरी कार्डवर शूट केलं असेल तर थोडी आशा असते.) म्हणून माझं सगळ्यांना एकच सांगणं असतं, नंतर बघू म्हणून फोन बाजूला ठेवू नका, आठवड्याच्या आत आणा.

फाइल `adb pull` नं कॉम्प्युटरवर घेतली, नाव बदलून `kusti.mp4` केलं आणि तिची एक कॉपी बाजूला ठेवली. साइज बघितली तर साधारण 2.8 जीबी. हा फार कामाचा आकडा आहे. त्याचा फोन फुल एचडी 30 फ्रेमवर मिनिटाला अंदाजे 130 एमबी खातो, म्हणजे आत एकवीस-बावीस मिनिटांचा माल आहे. साइज शून्य किंवा काही केबी असती तर तिथंच नाही म्हणून सांगितलं असतं, पोकळ आशा लावून पैसे घेण्यात अर्थ नाही. मग खात्री करायला व्हिडिओ तपासणाऱ्या `ffmpeg` या सॉफ्टवेअरमध्ये `ffmpeg -i kusti.mp4` चालवलं आणि उत्तर आलं `moov atom not found`. आमच्यासाठी ही चांगली बातमी, म्हणजे दुखणं तेच आहे.

यावर आम्ही अनट्रंक नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर वापरतो. त्याला एक नमुना फाइल लागते, त्याच फोननं शूट केलेली, नीट चालणारी. ती बघून ते शिकतं की या फोनच्या फ्रेम कशा दिसतात, आवाज कसा असतो, आणि मग खराब फाइलमधला सलग माल तुकड्या-तुकड्यानं ओळखत नवी नोंद तयार करतं. इथंच सगळ्यात जास्त घोळ होतो. या पोरानं नमुना म्हणून व्हॉट्सॲपवर आलेला त्याच फोनचा व्हिडिओ पाठवला, आणि तो चालत नाही, कारण व्हॉट्सॲप व्हिडिओ नव्यानं दाबून बनवतं, फोनच्या सेटिंगचं त्यात काही उरत नाही. मग त्याला म्हटलं, त्याच फोनवर, त्याच कॅमेरा ॲपमध्ये, तेच रिझोल्यूशन, तेवढेच फ्रेम, फोन तसाच आडवा धरून दोनेक मिनिटं शूट कर. आडवा-उभा विसरलं तर चित्र आडवं पडून येतं. आणि सेटिंगमध्ये हाय एफिशियन्सी व्हिडिओ चालू असेल तर कोडेक एच 265 होतो, मग एच 264 चा नमुना उपयोगाचा नाही. यात्रेनंतर कुणी सेटिंग बदललंय का ते विचारावंच लागतं, घरातली पोरं काय दाबतील सांगता येत नाही.

नमुना नीट मिळाल्यावर काम एका ओळीचं.

```
untrunc namuna.mp4 kusti.mp4
```

नवी फाइल उघडली, चित्र स्वच्छ, पण पुढं पुढं हलगी आणि पैलवानांची हालचाल जुळेना. हे नेहमीचं आहे. फोन अंधार-उजेडानुसार फ्रेमचा वेग थोडा कमी-जास्त करतो आणि ते वेळापत्रक `moov` मध्येच होतं, ते गेलं, मग सॉफ्टवेअर एकसारखा वेग धरून चालतं. संध्याकाळचं मैदान, उजेड उतरत गेलेला, त्यामुळं फरक जास्त. अशा वेळी `-sv` लावून परत चालवतो, म्हणजे चित्राची लांबी आवाजाच्या लांबीला ताणून बसते. त्यानं बरंच जुळलं, मधे एका ठिकाणी आवाज थोडा पुढं वाटला तो एडिटिंगमध्ये माझ्या पुतण्यानं सरकवला.

चित्र हिरवं किंवा करडं येऊन चौकोन फुटत असतील तर पहिला संशय नमुन्यावर घ्यायचा, फाइलवर नाही. आणि नमुना बरोबर असूनही सॉफ्टवेअर मधेच अडकत असेल तर `-s` लावायचं, ते न ओळखलेला भाग ओलांडून पुढं जातं, तिथं व्हिडिओला धक्का बसतो पण बाकीचं मिळतं.

शेवटचे काही सेकंद मात्र कधीकधी येत नाहीत, कारण ते फोनच्या रॅममध्ये असतात, स्टोरेजवर उतरायच्या आधीच वीज जाते. आणि बंद पडल्यानंतर मैदानात काय झालं ते तर फोननं बघितलंच नाही. त्या पोराचंही तेच, कुस्ती निकाली व्हायच्या जरा आधी व्हिडिओ संपला, म्हणाला, "चालतंय, पट कसा काढला तेवढं तर आलंय."

या कामाचे आम्ही आधी पैसे घेत नाही. नीट झालेल्या फाइलमधला सुरुवातीचा, मधला आणि शेवटचा तुकडा गिऱ्हाइकाला समोर बसवून दाखवतो, मधलाच मुद्दाम, कारण आवाज कुठं सरकलाय ते सुरुवातीला कळत नाही. पटलं तर पैसे, आणि मूळ खराब फाइल महिनाभर आमच्याकडं तशीच ठेवलेली असते.