तुम्ही विचारलंत म्हणून: हाफ-लाइफ

"सर, फॉर्म्युला एका ओळीचा आहे, मग ते एकच गणित तासभर काय घोटत बसता?"

कारण फॉर्म्युल्यात कुणी अडकत नाही ओ. N = N₀ × (1/2)^(t/T), N म्हणजे आज उरलेलं, t म्हणजे गेलेला काळ, T म्हणजे हाफ-लाइफ, अर्धं संपायला लागणारा काळ, आकडे टाकले की झालं. अडकतात ते N₀ वर, म्हणजे सुरुवातीला किती होतं यावर, आणि वयाच्या गणितात तेच कुणी सांगत नाही, आपल्यालाच काढावं लागतं.

मागे एका टेस्टला मी दगडाचं वय विचारलं होतं. दगडात आज २.३८ ग्रॅम युरेनियम-२३८ आणि ०.२०६ ग्रॅम शिसं-२०६, हाफ-लाइफ ४४७ कोटी वर्षं, सगळं शिसं युरेनियमपासूनच आलेलं. एका पोराचे मार्क कापले तर संध्याकाळी वडील पेपर घेऊन क्लासच्या दारात, बाकीचे पालक बघतायत. "काय ओ सर, गाइडात ५३.५ कोटी हाय, पोराचं पण तेच हाय, मग कापले कशापायी?" मी फळ्यापाशी नेलं त्यांना. पोरानं दोन्ही वजनं मिळवून २.५८६ ही सुरुवात धरलेली, गाइडनंही तेच केलेलं. पण युरेनियमचा एक अणू गेला की शिशाचा एक अणू येतो, एका ग्रॅमला एक ग्रॅम येत नाही, मधे हेलियम निघून जातो. म्हणून आधी मोल, म्हणजे वजन भागिले अणुभार, त्यानं अणू मोजले जातात: युरेनियम ०.०१, शिसं ०.००१, म्हणजे सुरुवातीला ०.०११. भागिले आजचे ०.०१, आले १.१. पुढे t = T × log(1.1) / log 2, म्हणजे ४४७ × ०.०४१४ / ०.३०१०, साधारण ६१.५ कोटी वर्षं. आठ कोटींचा फरक! वडील म्हणाले, "पण छापलंय की." मार्क मी दिले नाहीत, पोरगं दुसऱ्या क्लासला गेलं. अजून लागतं मनाला, खोटं कशाला बोलू.

तेव्हा कुणीतरी म्हणालंच, "सगळं शिसं युरेनियमचंच" हे तुम्ही धरून चाललात ना? धरलं. आधीपासून शिसं असेल तर वय फुगतं. म्हणून तर खरं काम झिरकॉनच्या स्फटिकावर करतात, तो बनताना युरेनियम आत घेतो, शिसं जवळपास घेतच नाही.

आणि घड्याळ दगडाला जमेल असं पाहिजे. अजिंक्यताऱ्याचा काळा दगड सुमारे ६.६ कोटी वर्षांचा, तेवढ्यात युरेनियम जेमतेम एक टक्का गेलेलं असतं. कार्बन-१४ ची हाफ-लाइफ ५७३० वर्षं, पन्नास हजार वर्षांपुढे मोजायला काही उरतच नाही, तिथं तो काय सांगणार!

पूर्वी मी म्हणायचो की लॉग आला की सगळं आलं. आता आधी अणू मोजून घेतो. त्यात पोर्शन मागं पडतो, पालक कुरकुरतात, आणि त्यांचंही अगदीच चूक आहे असं मला म्हणवत नाही.