‘पाणी कुठलं?’ : आमच्या स्टॉलवरचं चाळीस सेकंदांचं बोलणं

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यात आमचं काम सुरू झालं. आधी दुसऱ्यांच्या ठिबक फिल्टरांसाठी सुटे भाग करून द्यायचो, वाळूच्या फिल्टरच्या टाक्यांचं वेल्डिंग करायचो. पुढे स्वतःच्या नावाचा डिस्क फिल्टर आणि वाळूचा फिल्टर बाजारात आणला. जॉबवर्कच्या काळात गिऱ्हाईक म्हणजे दोन-चार कंपन्यांचे खरेदी अधिकारी होते. स्वतःचा माल आल्यावर गिऱ्हाईक झाला शेतकरी, आणि तो मोठ्या संख्येनं भेटतो प्रदर्शनात. डिसेंबरात मोशीचं किसान, जानेवारीत बारामतीचं कृषिक, मधे तालुक्याची छोटी प्रदर्शनं. आमची वाटचाल लिहायला घेतली तेव्हा यंत्रं, कर्ज, गाळा याबद्दल लिहावं असं वाटत होतं. पण धंदा खऱ्या अर्थानं वाढवला तो स्टॉलवरच्या बोलण्यानं, म्हणून त्याबद्दलच लिहिते.

प्रदर्शनात लोक चालत असतात. दोन्ही हातांत माहितीपत्रकांनी भरलेल्या पिशव्या, बरोबर गावची चार माणसं, आणि शेजारच्या स्टॉलवर माईक सुरू. अशा माणसाला ‘आमचा फिल्टर १२० मेशचा, म्हणजे १३० मायक्रॉनचा’ असं सांगितलं तर ते खरं असलं तरी त्याच्या कानावरून जातं. शिवाय हे वाक्य सांगणाऱ्याच्या बाजूनं दर वेळी सारखंच असतं. दुपारपर्यंत ते तोंडातून आपोआप बाहेर पडायला लागतं आणि समोरच्याला ते लगेच कळतं. बोलणाऱ्याचा आवाज थकायच्या आधी त्याचं लक्ष थकतं. म्हणून आम्ही असं बोलणं बांधलं की सांगणाऱ्याला दर वेळी ऐकावंच लागेल.

त्याची सुरुवात प्रश्नानं होते. आमच्या स्टॉलवर पहिलं वाक्य ठरलेलं आहे: ‘रामराम दादा. तुमच्या ठिबकला पाणी कुठलं? विहीर, बोअर की शेततळं?’

हा प्रश्न आम्ही विचारपूर्वक निवडलाय. त्याचं उत्तर प्रत्येक शेतकऱ्याला विचार न करता देता येतं, ‘नको’ असं म्हणून पुढे जाता येत नाही, आणि आमच्या धंद्यात फिल्टर कोणता हे त्या उत्तरावरच ठरतं. बोअरच्या पाण्यात वाळूचे कण येतात, त्यांना हायड्रोसायक्लोन लागतो. शेततळ्यात आणि कालव्याच्या पाण्यात शेवाळ आणि गाळ, तिथे आधी वाळूचा फिल्टर. स्वच्छ विहिरीला बऱ्याचदा नुसती डिस्क पुरते. म्हणजे प्रश्न एकच, पण पुढचं बोलणं तीन वाटांनी जातं. दिवसभर कुठली वाट येणार ते आपल्या हातात नसतं, म्हणूनच कंटाळा येत नाही.

दुसरा भाग हाताचा आहे. टेबलावर एक छोटी टाकी, अर्ध्या एचपीचा पंप आणि दोन पाऊण इंची डिस्क फिल्टर शेजारी शेजारी बसवलेत. एकातल्या चकत्या स्वच्छ, दुसऱ्यातल्या एका शेततळ्यावरून काढून आणलेल्या, शेवाळानं माखलेल्या, तशाच. फिल्टरांच्या अलीकडे एक दाबाचा काटा, पलीकडे एक. मधली झडप फिरवली की पाणी एकाऐवजी दुसऱ्या फिल्टरमधून जातं. संपूर्ण बोलणं असं आहे:

‘शेततळं? मग शेवाळ येत असणार. हे दोन काटे बघा. हा फिल्टरच्या आधीचा दाब, हा नंतरचा. आत्ता दोन्ही जवळपास सारखे आहेत. आता ही झडप तुम्हीच फिरवा. बघा, अलीकडचा वर चढला, पलीकडचा खाली आला. हा फरक अर्ध्या किलोवर गेला की फिल्टर धुवायचा. झाकण उघडून बघायची गरज नाही, शेवटच्या झाडाला पाणी पोचेना म्हणून कळायचीही वाट बघायची नाही. तुमचं ठिबक किती एकर? पंप किती एचपीचा?’

संथपणे म्हटलं तर चाळीस सेकंदांच्या आसपास. यातली ‘तुम्हीच फिरवा’ ही जागा सगळ्यात मोलाची. तो झडप फिरवतो तेवढा वेळ आम्ही काहीही बोलत नाही. बोलणाऱ्याला श्वास मिळतो, आणि काटा हललेला त्यानं स्वतः पाहिलेला असतो, त्यामुळे आम्हाला ते पटवावं लागत नाही. बरोबरचे तीन जणही वाकून बघतात. कुणी जोरात फिरवतो, कुणी घाबरत, एखादे आजोबा दोनदा उलटसुलट करून खात्री करून घेतात. प्रत्येक वेळी समोर काहीतरी नवं घडतं आणि त्यावर बोलावं लागतं.

प्रात्यक्षिक निवडताना एक कसोटी आम्ही लावतो: पुढच्या माणसासाठी ते एका हालचालीत पूर्ववत झालं पाहिजे. पाण्यात माती कालवून ती फिल्टर करून दाखवणं दिसायला जास्त छान असतं. पण प्रत्येक वेळी पाणी बदला, चकत्या धुवा, टेबल पुसा, आणि तोवर समोरचा गट निघून जातो. झडप उलटी फिरवली की आमचं सगळं पुन्हा तयार.

तिसरा भाग म्हणजे शेवटचे दोन प्रश्न, एकर आणि एचपी. ‘ताई, केवढ्याला?’ हा प्रश्न साधारण प्रत्येक जण विचारतो, आणि विचारायलाच हवा. पण पंप किती पाणी फेकतो ते कळल्याशिवाय किंमत सांगणं म्हणजे चुकीच्या मापाचा फिल्टर गळ्यात घालणं. म्हणून मापागणिक किमतीचा फलक मागे मोठ्या अक्षरांत लावलाय. मी एचपी विचारते आणि फलकावरच्या त्या ओळीवर बोट ठेवते. किंमत वाचून दाखवायचं काम तोंडावरून गेलं, तेवढा घसा वाचला. अनुदानाचे प्रश्नही याच पद्धतीनं बाजूला नेतो. ठिबकला केंद्राच्या योजनेत अल्प व अत्यल्प भूधारकांना ५५ टक्के, इतरांना ४५ टक्के आणि अर्ज महाडीबीटीवर, एवढं दीर सांगतात, तेही आतल्या टेबलावर बसून. रांगेतल्या पुढच्या माणसासमोर अनुदानाची चर्चा सुरू झाली की चाळीस सेकंदांची वीस मिनिटं होतात.

मोशीतलं एक बोलणं सविस्तर सांगते, कारण त्यात बोलणं कुठे थांबवायचं तेही आहे. सांगोल्याकडचे डाळिंब बागायतदार आले, बरोबर धाकटा भाऊ. प्रश्नाला उत्तर आलं, ‘शेततळं. जाळीचा फिल्टर आहे, तरी ड्रीपर चोकअप होतात.’ झडप फिरवली, काटे पाहिले. मग चार एकर, पाच एचपी. आता इथे डिस्क फिल्टर विकून मोकळं होणं सोपं होतं, तेच तर टेबलावर होतं. पण शेततळ्याचं शेवाळ नुसत्या जाळीवर किंवा डिस्कवर घेतलं तर ती भराभर भरते, आणि माणूस धुऊन धुऊन वैतागतो. शेवाळ अडवायला वाळूच्या थराची खोली लागते. म्हणून त्यांना सांगितलं, आधी ताशी २५ घनमीटरचा वाळूचा फिल्टर, त्यामागे तेवढ्याच क्षमतेची डिस्क, आणि दोन्हीच्या पुढे-मागे काटे.

मग धाकट्यानं पिशवीतून प्लॅस्टिकच्या पुडीतले दोन ड्रीपर काढले. एक शेततळ्यावरच्या प्लॉटमधला, आत हिरवट चिकट लेप. दुसरा बोअरवरच्या प्लॉटमधला, तोंडाशी पांढरा कडक थर. हा पांढरा थर क्षारांचा. क्षार पाण्यात विरघळलेले असतात, ते ठिबकच्या कुठल्याच फिल्टरमध्ये अडकत नाहीत. त्यासाठी आम्लप्रक्रिया करावी लागते आणि उपनळ्यांची टोकं उघडून पाणी सोडावं लागतं. मी तसं सांगितलं: ‘भाऊ, ह्या दुसऱ्याला आमचा फिल्टर काही करणार नाही.’ हे वाक्य आमच्या बोलण्यात आता कायमचं आहे. बोअर असं उत्तर आलं की लगेच पुढचा प्रश्न, ‘ड्रीपरवर पांढरं धरतं का?’ धरत असेल तर आधी हे सांगायचं, मग हायड्रोसायक्लोनबद्दल. विक्री एखादी कमी होते. पण जो माल शेतात चालणार नाही तो स्टॉलवर गोड बोलून देणं मला मान्य नाही, आणि आम्ही घरचे कुणीच तसं करत नाही.

बोलणं थकलंय हे कसं ओळखायचं? स्वतःला कळत नाही, म्हणून आम्ही एकमेकांवर लक्ष ठेवतो. पहिली खूण वेगाची: चाळीस सेकंदांचं बोलणं पंचविसावर येतं आणि ‘अर्ध्या किलोवर’ हे शब्द गिळले जातात. दुसरी खूण: पाणी कुठलं ते विचारायचं आणि उत्तर पुरं होण्याआधीच ‘मग शेवाळ येत असणार’ म्हणायचं. तिसरी खूण समोरच्याच्या डोळ्यांत असते, काटे हलत असताना तो काट्यांकडे न बघता बाहेर बघतो. यातलं काहीही दिसलं की दीर माझ्या हातात वही देतात आणि पुढे येतात. त्याला कुणी वाईट वाटून घेत नाही. तसेही साधारण तासाला जागा बदलतो: एक पुढे, एक वहीवर, एक आतल्या टेबलावर.

घशाबद्दल एवढंच की शेजारच्या माईकशी स्पर्धा करायची नाही. आवाज चढवला की संध्याकाळपर्यंत बसतो. त्याऐवजी टेबल वाटेच्या कडेला न ठेवता स्टॉलच्या आत हातभर सरकवलं. काटे बघायला माणूस दोन पावलं आत येतो आणि साध्या आवाजात बोलता येतं. जवळ कोमट पाण्याची बाटली.

वहीत नाव, गाव, पाणी, पीक, एकर, एचपी आणि एक शेवटचा रकाना: ‘काय म्हणाले’. तिथे त्यांचेच शब्द लिहायचे. प्रदर्शन संपल्यावर त्याच आठवड्यात फोन करताना ‘किसानमध्ये भेटलो होतो’ एवढ्यावर ओळख पटत नाही. ‘तुमच्या तळ्यावरच्या डाळिंबाला शेवटच्या ओळीत पाणी कमी पडतं म्हणालात’ असं म्हटलं की पटते. सांगोल्याच्या त्या भावांना असाच फोन केला. त्यांनी वाळूचा फिल्टर आणि डिस्क दोन्ही नेली, आणि बोअरवरच्या प्लॉटला आधी आम्ल सोडून बघतो म्हणाले.

यंदा स्टॉलवर दोन नवी मुलं आहेत, एक सटाण्याकडचा, एक धुळ्याचा. त्यांना बोलणं पाठ करायला दिलेलं नाही. तीन गोष्टी ठरलेल्या: पहिला प्रश्न पाण्याचा, झडप पाहुण्यानं फिरवायची आणि तोवर गप्प राहायचं, शेवटी एकर आणि एचपी. मधले शब्द त्यांचे त्यांनी बोलायचे. धुळ्याचा मुलगा खानदेशातल्या लोकांशी अहिराणीतच सुरू करतो, आणि ते थांबतात. कालव्यावरच्या पाण्यासाठी मात्र अजून वेगळी वाट हवी, कारण तिथे गाळ आणि शेवाळ दोन्ही येतं. आवर्तन सुटल्यावर पहिल्या दिवसांत काट्यांचा फरक किती लवकर चढतो ते आम्ही एका शेतावर रोज टिपून घेतोय. ते आकडे हाती आले की तीही वाट टेबलावर मांडू.